सगळ्यांचं एकशे तीस-ऐंशी

परवा नात विचारत होती, "आजी, तू आयुष्यात किती वेळा खोटं बोललीस?" मी म्हटलं, "बोलले फार कमी. लिहिलं मात्र भरपूर. निळ्या शाईत, समास सोडून." तिला वाटलं, आजी नेहमीसारखी फिरकी घेतेय. मीही तसंच वाटू दिलं. पण ती शाळेत गेल्यावर चहा करता करता मला तो माणूस आठवला आणि चहा उतू गेला.

बिडकीनच्या रस्त्यावर एक कारखाना आहे, तिथं मी बावीस वर्षं सिस्टर होते. गेटच्या आत शिरलं की डाव्या हाताला आमची दवाखान्याची खोली. दोन खाटा, एक वजनकाटा, डोळे तपासायचा तक्ता, आणि फरशीवर ऑइलपेंटनं ओढलेली वीतभर रुंदीची पांढरी पट्टी. नव्या माणसाला वाटायचं, ही पट्टी कशाला? तर ज्याला उंचावर काम करायचं त्याला तिच्यावरून टाचेला टाच लावून चालवायचं, पाय जुळवून डोळे मिटून उभं करायचं, झोक जातो का बघायचं. फिट येते का, चक्कर येते का, रात्री नीट दिसतं का, हे विचारायचं. आणि प्रेशर मोजायचं. हे सगळं ठीक असलं तर वर्षभराचा पास. पास नसेल त्यानं सहा फुटांच्या शिडीलाही हात लावायचा नाही. फोर्कलिफ्ट चालवणारे आणि कामगारांची बस चालवणारे यांचीही तपासणी अशीच, फक्त त्यांना पट्टीवर चालायला लागायचं नाही.

डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस यायचे. उरलेले चार दिवस त्या खोलीत माझं राज्य. मी मोजायची, लिहायची, आणि डॉक्टर आले की रजिस्टर पुढं करायची. ते सही ठोकायचे.

आता ती बाई कशी होती ते सांगते, म्हणजे मी. पांढरी साडी कडक इस्त्रीची, केसांचा बुचडा घट्ट, आणि डोक्यात असा एक पक्का समज की या कारखान्यातल्या गरिबांचं रक्षण करायला तिला खास नेमलेलं आहे. छप्पन वर्षांची झाली तरी हा समज काही उतरला नव्हता. माणूस खुर्चीवर बसला की ती त्याच्या चेहऱ्याकडं आधी बघायची आणि मग पाऱ्याकडं. चेहरा घाबरलेला असला की पारा आपोआप दहानं खाली यायचा.

मी हे शिकले कुठं? तर विशीत, शहागंजच्या मागच्या बाजूला एका लहान हॉस्पिटलात. तिथं प्रेशर वाढलेला माणूस आला की पिवळ्या कॅप्सूलला सुईनं टोचायचं आणि आतलं औषध जिभेखाली पिळायचं. पंधरा-वीस मिनिटांत पारा धाडकन खाली. नातेवाईक हात जोडायचे, आणि मी त्या कॅप्सूलचं श्रेय स्वतःकडं घ्यायची. तेव्हा सगळेच तसं करत. पुढं समजलं की प्रेशर असं एकदम पाडलं तर मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडून माणूस कायमचा लुळा होऊ शकतो. हळूहळू ती पद्धत बंद झाली. मीही बंद केली. पण डोक्यातला धडा तोच राहिला: आकडा खाली आला की काम झालं.

तो माणूस छपरावरचा. कंत्राटदाराकडं होता, पण अठरा वर्षं आमच्याच कारखान्यात. शेडचे पत्रे बदलणं, पावसाळ्याआधी पन्हाळी साफ करणं, वरचे दिवे, पंखे, धुराड्याभोवतीचा लोखंडी पट्टा, सगळं त्याच्याकडं. पैठण तालुक्यातलं गाव, घरी थोडी जमीन भावाकडं. मला तो सिस्टरबाई म्हणायचा. बाकीचे पास काढायला टोळीनं यायचे, हा एकटा यायचा, आणि नेमका डॉक्टर नसतील त्या दिवशी.

"सिस्टरबाई, उरकून टाका. वर पत्रा उघडा ठिवून आलोय."

शिडी उतरून तरातरा आलेला, तोंडात तंबाखू, कपाळावर घाम. अशा माणसाचं प्रेशर लगेच मोजायचं नसतं. पाच मिनिटं टेकून बसवायचं, पाय जमिनीला लागलेले हवेत, चहा-तंबाखू अर्ध्या तासात झालेली नको, दंड जाड असेल तर पट्टा मोठा हवा. हे मला पाठ होतं, नव्या नर्सेसना मी शिकवलेलंही आहे. पण त्याला मी तिथल्या तिथं मोजायची. मग आकडा एकशे साठच्या घरात आला की स्वतःलाच समजावायची, "आत्ताच चढ-उतर केलीय, म्हणून." त्याला पाणी प्यायला लावायची आणि पुन्हा मोजायची. एकशे चोपन्न. "तंबाखू खाल्लीय, म्हणून." तिसऱ्यांदा एकशे अठ्ठेचाळीस. आमच्या नियमात एकशे चाळीस-नव्वदच्या आत असला तरच पास, वर असला तर डॉक्टरांनी बघितल्याशिवाय नाही. मी खुर्चीत सरळ बसायची, पेनचं टोपण काढायची आणि लिहायची: १३०/८०.

"झालं?"

"झालं. मीठ कमी खा."

"व्हय."

आमच्यातला वैद्यकीय संवाद एवढाच. वर्षातून एकदा.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं तेव्हा जुने डॉक्टर गेले आणि एक नवीन बाई आल्या. तिशीतल्या. कामगारांच्या आरोग्याचं वेगळं शिक्षण घेतलेल्या. बोलणं अगदी मऊ. पहिल्या आठवड्यात त्यांनी सही करायच्या आधी माझं रजिस्टर घेतलं आणि एका जागी बसून पानं उलटत राहिल्या. मी चहा मागवला. चहा गार झाला.

"सिस्टर, एक विचारू?"

"विचारा की."

"या कारखान्यात सगळ्यांचं प्रेशर एकशे तीस-ऐंशी कसं काय?"

मी म्हटलं, "मॅडम, आपली माणसं कष्टाची आहेत. तब्येती चांगल्या आहेत."

त्यांनी पान माझ्याकडं फिरवलं. "मला चाळीस वर्षांवरच्या इतक्या माणसांत एक तरी एकशे सदतीस, एक तरी एकशे शेहेचाळीस दिसायला हवा. इथं तर सगळे शून्यावर संपतात. आणि मशीन गेल्या वर्षी बदललंय ना? हे डिजिटल आहे. ते शून्यावर थांबत नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं, कारण रागावणाऱ्या डॉक्टरांना गप्प करायची कला माझ्याकडं होती. मी टेबलावरचा कापूस नीट लावत बसले. ती छप्पन वर्षांची शहाणी बाई त्या दिवशी कापूस इतका सुंदर लावत होती की बस्स.

डॉक्टरबाईंनी ठरवलं की उंचीवरच्या आणि गाडीवरच्या सगळ्यांची तपासणी नव्यानं करायची, आणि त्या स्वतः हजर असताना. यादीत अठरावा तो छपरावरचा होता.

त्याला बाकावर पाच मिनिटं बसवलं. तंबाखू थुंकायला लावली. दोन्ही दंडांवर मोजलं. मोठा पट्टा लावून मोजलं. दर वेळी मी त्याच्या चेहऱ्याकडं न बघता मशीनकडं बघत होते. एकशे अठ्ठ्याहत्तर-एकशे सहा. पुन्हा एकशे चौऱ्याहत्तर-एकशे चार.

"डोकं दुखतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाय."

"छातीत दुखतं, दम लागतो, डोळ्यापुढं अंधारी येते?"

"काय बी नाय मॅडम. बैलासारखा हाय मी."

"हाच तर घोटाळा आहे. काही होत नाही, म्हणून समजत नाही." त्यांनी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीवर रोगाचं नाव नव्हतं, फक्त एक ओळ होती: उंचीवरील कामास तात्पुरते अपात्र, जमिनीवरील काम चालेल, चार आठवड्यांनी फेरतपासणी. रोजची एक गोळी दिली. रक्त, लघवी तपासायला आणि हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढायला सांगितलं.

तो चिठ्ठी हातात धरून उभाच. मग माझ्याकडं बघितलं. मी कुठं बघितलं असेल? वजनकाट्याकडं.

अर्ध्या तासात कंत्राटदाराचा सुपरवायझर आला. "मॅडम, काय झालंय त्याला? माझं छपराचं काम अडलंय."

"काय झालंय ते त्यांना विचारा, त्यांनी सांगितलं तर सांगतील. मी तुम्हाला एवढंच सांगू शकते की ते चार आठवडे वर जाणार नाहीत."

"मग मला दुसरा माणूस बघावा लागंल."

"चार आठवड्यांसाठी बघा. त्यांना जमिनीवर काम द्या. हातमोजे, कमरेचे पट्टे, दोर तपासायला त्यांच्याइतका जाणता माणूस तुमच्याकडं दुसरा आहे का?"

बाहेर पडता पडता सुपरवायझर म्हणाला, "चार आठवडे. त्याच्यानंतर मी पास बघणार, नाहीतर माणूस बदलणार." हे दाराबाहेर उभ्या असलेल्या त्यानं ऐकलं.

ते चार आठवडे तो खाली होता. स्टोअरच्या दारात बसून पट्ट्यांची बकलं घासायचा. दुपारी माझ्या खोलीसमोरून जाताना मान वर करून शेडकडं बघायचा. वर त्याच्या जागी दुसरा होता, त्याचा पाय पत्र्यावर कुठं पडतो हे हा खालून मोजत असायचा.

तिसऱ्या आठवड्यात, डॉक्टर नसतात त्या दिवशी, तो आत आला. दार ओढून घेतलं.

"सिस्टरबाई, एक काम व्हतं."

"बोल."

"ती तुमची पिवळी गोळी असती ना, जिभेखालची. तपासणीच्या दिवशी सकाळी तेवढी द्या."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलं व्हतं. दोन-चार वर्षांमागं, चहा पिताना. म्हणल्या, आमच्या येळंला एक गोळी व्हती, पंधरा मिंटांत प्रेशरचा घोडा उतरायचा."

बघा. तरुणपणातली बढाई अशी चहाच्या कपातून पन्नाशीत बाहेर पडते, आणि समोरचा ती जपून ठेवतो. मी त्याला म्हटलं, ती गोळी आता कुणी देत नाही, तिनं माणूस मरतो, तू डॉक्टरबाईंनी दिलेली रोजची गोळी घेतोयस ना?

तो हसला. "कधी कधी."

"कधी कधी म्हणजे?"

"लोकं म्हणत्यात, एकदा सुरू केली की जन्माची. आन रेकॉर्डवर आलं की हा प्रेशरवाला, तर पुढच्या ठिकाणी कोण घेईल मला?"

मला त्याला हाताला धरून तिथंच गोळी गिळायला लावायची होती. पण मी काय केलं? "रोज घे रे बाबा," एवढंच म्हटलं आणि कपाट आवरायला वळले. गोळी घेत नाही हे डॉक्टरबाईंना त्याच दिवशी फोन करून सांगायला हवं होतं. केलं नाही. त्याच्यावर तक्रार केल्यासारखं वाटेल, असं वाटलं. मी त्याची वकील होते ना.

फेरतपासणीचा दिवस आला. सकाळी साडेनऊला तो हजर. आंघोळ केलेला, शर्टाला इस्त्री, तोंडात तंबाखू नाही. बाकावर पाच मिनिटं शहाण्यासारखा बसला. मोजलं.

एकशे सव्वीस-अठ्ठ्याहत्तर.

माझ्या तोंडून "वा!" निघालं. लग्नाच्या मांडवात निघतं तसं. त्यानं माझ्याकडं बघून डोळा बारीक केला. दाराशी सुपरवायझर उभा होता, तो म्हणाला, "झालं मॅडम? सही करा, शिडी लावलीय."

डॉक्टरबाईंनी पेन उचललं नाही. कागदावरचे मागचे आकडे बघितले, आताचा बघितला. सुपरवायझरला बाहेर थांबायला सांगितलं. मग याला म्हणाल्या, "उभे राहा. पट्टा काढू नका. हात टेबलावर टेकवा."

"आता कशाला? झालं की."

"उंचावर माणूस बसून काम करत नाही. वाकतो, उकिडवा बसतो, झटकन उठतो. मला तुमचं उभं असतानाचं बघायचंय."

तो उभा राहिला. एक मिनिट झालं. मशीन फुगलं, फुसफुसलं. एकशे दोन. डॉक्टरबाईंनी बटण पुन्हा दाबलं. ब्याण्णव-साठ. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "जरा..." म्हणाला, आणि टेबल धरायला गेलेला दुसरा हात टेबलाच्या पुढं गेला.

आम्ही दोघींनी त्याला धरलं. खाटेवर आडवा केला, पायाखाली दोन उशा. मी नाडी बघत होते आणि मला एकच गोष्ट दिसत होती. ही सही झाली असती तर आता तो कुठं असता? शेडच्या कडेला उकिडवा, पन्हाळीत हात, आणि उठायची वेळ झालेली.

जरा बरं वाटल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "आज सकाळपासून काय काय घेतलं? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"तुमची गोळी. रात्री दोन, सकाळी दोन."

"आणि?"

त्यानं छताकडं बघितलं. "थोरल्या भावाची एक."

"कसली?"

"त्याला लघवीचा त्रास हाय. ती गोळी प्रेशरला बी चालती म्हणतो. मेडिकलवाल्यानं सांगितलं त्याला. आन जेवलो नाय, जेवलं की वाढतं म्हणून."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. मग समजावून सांगितलं. ती भावाची गोळी रक्तवाहिन्या सैल करते, पहिल्यांदा घेतली की उठताना प्रेशर कोसळतं, म्हणून ती रात्री झोपताना, अगदी लहान मात्रेत सुरू करतात. त्याच्या अंगात उपाशीपोटी दोन औषधं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसली होती.

तो उठायला लागला, तर मी खांदा दाबला. तेव्हा तो ओरडला, "वर गेलं तरी नापास, खाली आलं तरी नापास! मग करू तरी काय मी?"

बाहेरून सुपरवायझरनं दारावर टकटक केलं, आणि डॉक्टरबाईंनी दार किलकिलं करून त्याला सांगितलं की आज नाही, आणि आज हे मोटारसायकलही चालवणार नाहीत. चावी माझ्याकडं दिली. मी ती कमरेला खोचली.

राहिलेला आलेख तेव्हाच काढला. रक्त-लघवीचे कागद तो खिशात घडी करून घेऊनच आला होता, दाखवायचं राहून गेलं होतं म्हणे. डॉक्टरबाईंनी ते माझ्यासमोर टेबलावर पसरले. लघवीतून प्रथिनं जात होती. मूत्रपिंडाचा आकडा थोडा वर होता. आलेखात हृदयाची डावी बाजू जाड झाल्याची खूण होती.

"हे एका महिन्यात होत नाही, सिस्टर," त्या हळू म्हणाल्या. "बरीच वर्षं लागतात."

बरीच वर्षं. ती माझ्याकडं होती, माझ्या अक्षरात.

मी त्यांना सगळं सांगितलं. तीन-तीनदा मोजायचं आणि शेवटी मनातला आकडा लिहायचा. पारा असल्यापासून. याचं तर दर वर्षी. आणि तो गोळ्या घेत नाही हे मला आठवड्यापूर्वी माहीत होतं, तेही. बोलताना मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

त्या म्हणाल्या, "त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"सांगा. मला सांगून त्यांचं काही होणार नाही."

आता इतकी वर्षं माणसांना सुया टोचलेली बाई. पण त्या खाटेपर्यंतचं पाच पावलांचं अंतर मला त्या पांढऱ्या पट्टीवर चालल्यासारखं वाटलं. मी स्टूल ओढून बसले. म्हटलं, "अरे, तुझं प्रेशर आजचं नाही. सात-आठ वर्षांपासून आहे. मला दिसत होतं. मी लिहिलं नाही."

तो छताकडंच बघत होता. "म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"मोजताना तुम्ही आकडा पुटपुटायच्या ना सिस्टरबाई. एकशे साठ म्हणायच्या, आन एकशे तीस लिवायच्या. म्हणून तर तुमच्या येळंला यायचो." मग कूस वळवून म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही लिवताय म्हंजी एवढं काय जास्त नसंल. तुम्हाला कळतंय ना त्यातलं. धोक्याचं असतं तर तुम्ही लिवलं नसतं."

मी आजवर पुष्कळ शिव्या खाल्ल्यात. कामगारांच्या, सासूच्या, एकदा एका मोठ्या साहेबाच्या. या एका वाक्यासारखं दुसरं काही मला लागलं नाही. त्याचा विश्वास होता, आणि तो मी दर वर्षी शाईनं पक्का करत गेले.

त्याच्या शेजारी मी संध्याकाळपर्यंत बसले. दर अर्ध्या तासानं बसवून मोजलं, उभं करून मोजलं. जे आलं ते लिहिलं. पाच वाजता त्याचा थोरला भाऊ न्यायला आला. धोतर नेसलेला, म्हातारा. दारातच म्हणाला, "माझीच गोळी लागली व्हय त्याला? मी म्हणलं व्हतं, एकच घे." दोघं भाऊ थोरल्याच्या गाडीवर बसले, म्हाताऱ्यानं हँडल धरलं. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही गोळी घेऊन गाडी चालवता? चक्कर येते का?" तो म्हणाला, "येती की. मग थांबतो." दोघांनाही परत आत घेतलं आणि रिक्षा बोलावली.

पुढचे अडीच महिने तो खाली राहिला. सुपरवायझरनं माणूस बदलला नाही. दोर-पट्ट्यांचं काम सुधारलं होतं हे त्याला दिसत होतं, पण कबूल केलं नाही. डॉक्टरबाईंनी औषध बदललं, मूत्रपिंडालाही सोसेल असं दिलं, मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं. गोळी बदलली की पुन्हा काही आठवडे जमिनीवर, हा त्यांचा हट्ट. रोज सकाळी शिफ्टच्या आधी तो माझ्याकडं यायचा, गोळी घेतली का ते सांगायचा, आणि मी मोजायची. बाही वर करायचा आणि भिंतीकडं बघायचा. मशीन वाजलं की स्वतः आकडा मोठ्यानं वाचायचा. मी लिहीपर्यंत तिथंच उभा राहून माझ्या पेनाकडं बघायचा. मी लिहिलं ते बरोबर आहे हे बघूनच बाही खाली करायचा. तो हक्क त्याचा होता.

अडीच महिन्यांनी बसून आणि उभं राहून आकडे जुळले, आठवड्यांमागून आठवडे. डॉक्टरबाईंनी पट्टीवर चालवलं, डोळे मिटून उभं केलं, आणि पास दिला. वर्षाचा नाही, तीन महिन्यांचा. अटींसह. एकट्यानं वर जायचं नाही. कडेला कठडा असलेल्या मचाणावरूनच काम. चढायच्या आधी त्या दिवशीचं प्रेशर मोजायचं, आणि वाढलेलं असेल तर त्या दिवशी नाही. पास घेताना त्यानं कागद वाचला, घडी केली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि बटण लावलं. आनंद झाला म्हणावं तर चेहरा कोरा होता.

त्यानंतर तो वर गेला, खूपदा गेला. पण मला आठवतो तो दुसरा एक दिवस. थंडीचे दिवस होते. रात्री घरी काहीतरी झालं होतं, झोप नव्हती, डोळे लाल. मचाण उभं होतं, दुसरा माणूस वर जाऊन याची वाट बघत होता. मी मोजलं. एकशे बासष्ट-अठ्ठ्याण्णव. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठावन्न-शहाण्णव. नियम मला पाठ होता. मी तोंड उघडलं, काहीतरी बोलायला.

मी बोलायच्या आधी तो उठला. कमरेचा पट्टा सोडला, बकल तपासलं, सवयीनंच, आणि खांद्यावर टाकला. बाहेर जाऊन मचाणाखाली उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाच्या हातात दिला.

"तू जा."

"का? तुला काय झालं?"

"आज नाय."

त्यानं कारण दिलं नाही, आणि पुन्हा कुणी मागितलंही नाही. मी खिडकीतून बघत होते. तो बाकावर बसला, तंबाखूची डबी काढली, बघितली आणि परत खिशात घातली. तिसरा माणूस शिडीवर चढायला लागला. हा बाकावरून उठला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडला, "अरे, आधी हूक लाव! मग हात सोड! किती येळा सांगायचं?"